पाकिटाची मागची बाजू

मामा गेला तेव्हा दुकानाचा मालक घरी आला, खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि म्हणाला, "बावीस वर्षांत एक स्टिकर वाकडं लावलं नाही बघा या माणसाने." खरं होतं ते. पण मामीने तोंड फिरवलं. मालकाला वाटलं, दुःखाने फिरवलं. दुःख होतंच, पण राग जास्त होता, आणि तो राग कशाचा ते मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मामाचं काम म्हणजे मोठ्या किराणा दुकानात मागच्या खोलीत बसून मालावर किमतीची स्टिकरं लावायची. खोका फोडायचा, पाकीट उचलायचं, उलटं करायचं, हातातलं यंत्र दाबायचं, टक्‌, की पुढचं. एका तासात चारशे पाकिटं. सगळे त्याला लेबलमामा म्हणायचे. शाळा चौथीपर्यंत झालेली, अक्षर लावून लावून वाचायचा, पण हात असा की पट्टीने आखल्यासारखं स्टिकर बसायचं.

आणि कुठे लावायचं त्याचा मालकाचा नियम होता. पुढे नाही. पुढचा चेहरा झाकला तर गिऱ्हाईक घेत नाही. मागे लावायचं, पण काळ्या रेघांवर नाही, नाहीतर गल्ल्यावरचं मशीन बोंबलतं. मग मागे राहिलं काय? एक बारीक अक्षरांचा चौकोन. त्यात आकडे, रेघा, काहीबाही. तो चौकोन आणि मामाचं स्टिकर, दोघांचं माप असं जुळायचं की जणू एकमेकांसाठीच केलेलं. मामा रोज टक्‌ टक्‌ टक्‌ करत तो चौकोन बुजवायचा. बावीस वर्षं.

मामी काजं करायची. शिंप्याकडून शर्टं यायची, मामी खिडकीशी बसून हाताने काजं करायची, एकेक टाका तांदळाच्या कणीसारखा. त्या शिंप्याचं गिऱ्हाईक मशीनचं काज घ्यायचंच नाही. तर त्या मामीला दिसेनासं झालं. आधी म्हणायची, ऊन कमी आलंय. मग म्हणायची, दोराच खराब आहे. मग एके दिवशी पांढऱ्या शर्टावर निळ्या दोऱ्याने सहाच्या सहा काजं केली, आणि शिंपी काही न बोलता ते शर्ट टेबलावर ठेवून गेला. त्या दिवशी मामी रडली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. काढून टाकू, सोपं काम आहे म्हणाले. पण रक्त तपासलं तर साखर ही एवढी वाढलेली. मामीला साखर आहे हे माहीत होतं, गोळ्या चालू होत्या, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी आली साडेदहाला. डॉक्टर म्हणाले, "आठच्या खाली आणा. नाहीतर जखम भरणार नाही, पू धरेल, आहे तेवढंही जाईल. तीन महिन्यांनी या."

मामा घरी येताना म्हणाला, "तीन महिने ना? आणतो खाली. मी कुठे काम करतो? माझ्या हाताखालून जगातला सगळा माल जातो."

दुसऱ्या दिवशीच घर बदललं. साधी बिस्किटं बंद, शुगर फ्री आली. हिरवं पाकीट, वर पान काढलेलं, आणि ही मोठी अक्षरं. साधे वेफर बंद, लाइट वेफर आले. सरबत बंद, डब्यातला फळांचा रस आला, त्याच्यावर लिहिलेलं, साखर मिसळलेली नाही. चहात साखर नाही. मामी गोडाशिवाय राहणारी बाई नव्हे, पण राहिली. शेजारणीने लाडाने पुढे केलेला केक परत केला, तो किस्सा तर आठ दिवस सांगत होती. "तोंडापर्यंत आला होता गं. परत ठेवला."

भूक लागली की बिस्किटं. सकाळी चार, दुपारी चार, संध्याकाळी दोन-तीन. मामाच म्हणायचा, "खा गं, साखर नाहीये त्यात. बिनघोर खा."

तीन महिन्यांनी तपासणी केली. साडेदहाची उलट झाली दहा पूर्णांक नऊ.

डॉक्टर चिडले. म्हणाले, "बाई, चोरून खाता तुम्ही."

"शप्पथ नाही हो."

"सगळे हेच म्हणतात. डोळे तुमचे आहेत, माझे नाहीत."

घरी आल्यावर मामा बोलला, आणि जे बोलू नये ते बोलला. "खरं सांग, त्या शेजारणीकडे खातेस ना?"

मामीने त्याच्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे तोंड त्याच्या बाजूला केलं, दिसत तर नव्हतंच फारसं. म्हणाली, "अहो, तीस वर्षं मी तुमच्या पानात वाढलं ते मोजून नाही वाढलं. माझ्या तोंडातले घास मोजायला तुम्हाला आज सुचलं?" आणि दोन दिवस बोलली नाही. त्या दोन दिवसांत तिने बिस्किटांशिवाय काही खाल्लं नाही, रागाने.

इस्पितळात खालच्या मजल्यावर एक आहार सांगणारी बाई बसायची. तिच्याकडे पाठवलं. बाई तरुण, तोंडाने फटकळ, टेबलावर चहाचा कप गार झालेला. तिने विचारलं काय काय खाता. मामीने सांगितलं. बाई म्हणाली, "तोंडी नको. घरातली सगळी पाकिटं उद्या घेऊन या. रिकामीसुद्धा."

मामाने पिशवी भरून नेली. थोडा ऐटीतच नेली म्हणा, सगळा माल कसा निवडून घेतलेला. बाईने पहिलं हिरवं पाकीट उचललं, पुढचं न बघता सरळ उलटं केलं. तिथे स्टिकर. दुसरं उलटं केलं. स्टिकर. वेफरचं केलं. स्टिकर. सगळी तिथेच, सगळी सरळ.

"हा काय मूर्खपणा आहे?" बाई म्हणाली. "नेमकं जे वाचायचं त्याच्यावरच चिकटवतात. कोण गाढव हे काम करतं?"

मामीने मान खाली घातली. मामा म्हणाला, "मी."

बाईला वाटलं, त्याला ऐकू नीट आलं नसेल. "नाही, हे स्टिकर म्हणते मी. दुकानात कोणी लावलं?"

"मीच लावतो. तेच माझं काम आहे."

मग बाई जरा शरमली. पण तोंड काही बंद झालं नाही तिचं. नखाने स्टिकर खरवडायला लागली, ते निघेना, चांगलं चिकटवलेलं. मामाने तिच्या हातातून घेतलं, कोपरा कपाच्या वाफेवर धरावा म्हणाला तर कप गार. शेवटी त्याने थुंकी लावून अंगठ्याने सोलून काढलं. खालचा चौकोन त्याने तेव्हा पहिल्यांदा धड बघितला.

"वाचा," बाई म्हणाली.

"तुम्हीच वाचा."

"नाही. तुम्हीच वाचा. घरी मी नसणार."

मामा वाचायला लागला. साखर, शून्य. "बघा!" म्हणाला, "शून्यच आहे."

"त्याच्या वरची ओळ."

"कर्... कर्बोदकं. आठ ग्रॅम."

"ते पिठाचं. मैद्याचं. पोटात गेलं की त्याची साखरच होते. पुढे साखर नाही लिहिलंय, पीठ नाही असं कुठे लिहिलंय? आणि ते आठ ग्रॅम कितीचे? अगदी वर बघा, बारीक."

मामाने पाकीट नाकाला लावलं. "एका वेळचं प्रमाण... दोन बिस्किटं. बारा ग्रॅम."

"या किती खातात?"

मामी म्हणाली, "दहा."

"म्हणजे पाच पट. चाळीस ग्रॅम. पावाचे तीन स्लाइस खाल्ल्यासारखं झालं. आणि हे जेवणाच्या वर. वर तुम्ही म्हणता, मी काही खाल्लंच नाही."

मामी एवढंच म्हणाली, "चोरून नव्हते खात मी." बाईला नाही म्हणाली. मामाला म्हणाली. मामाने पाकीट हातात नुसतं फिरवलं.

मग वेफर निघाले. त्यावर लाइट लिहिलेलं आणि लाइटच्या डोक्यावर एक एवढासा तारा. बाईने तो तारा पाकिटाच्या शिवणीपाशी शोधून काढला, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: आमच्याच साध्या वेफरपेक्षा तीस टक्के कमी तेल. "साध्यात शंभराला पस्तीस तेल, यात चोवीस. कमी आहे, खोटं नाही. पण चोवीस म्हणजे पाव पाकीट तेलच. आणि बटाटा तेवढाच. साखरेच्या माणसाला लाइटचा काय उपयोग? आणि हे बघा, या पाकिटात किती जणांचं आहे."

मामाने वाचलं. "अडीच."

"अडीच?" मामी म्हणाली. "अर्धा माणूस कुठला आणायचा?"

बाई हसली तेव्हा. मामा नाही हसला. ते पाकीट मामी एकटी, एका बैठकीत संपवायची. तोच फोडून द्यायचा.

एक शुगर फ्री चॉकलेट होतं पिशवीत तळाला. त्याच्यावर शेवटी लिहिलेलं, जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. मामी मामाकडे वळून म्हणाली, "आठवतंय? मी म्हणत होते, तुम्ही आणलेल्या चॉकलेटनेच झालं. तुम्ही म्हणालात पाणी बाधलं." बाईने सांगितलं, त्यात साखरेच्या जागी दुसरं गोड घालतात, ते साखरेच्या रकान्यात मोजत नाहीत, पण थोडी साखर त्यानेही वाढते आणि पोट बिघडतं ते वेगळं. पुढे एवढंच म्हणाली, "एक लक्षात ठेवा. पुढची बाजू विकायला असते. मागची सांगायला. मागे तीनच गोष्टी बघा. आकडे कितीचे आहेत, आपण किती खातो, आणि कर्बोदकं किती. जमलं तर घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं तेही, कारण जे सगळ्यात जास्त तेच पहिलं लिहितात."

घरी आल्यावर बिस्किटं गेली, वेफर गेले. मामी ओरडली, "हेही काढलं! मग खाऊ काय, तुमचं डोकं?" मामा म्हणाला, "त्यात काही नाही, रिकामं आहे." दोघं हसली आणि लगेच परत भांडली. मग शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं असं सुरू झालं. मामी खायची आणि खाताना तोंड असं करायची की बघणाऱ्याला वाटावं औषध घेतेय.

पुन्हा तीन महिने. तपासणी आली नऊ पूर्णांक एक. उतरली, पण आठ नाही. तारीख पुन्हा गेली. आता मामीला दाराची चौकटही धुरकट दिसायला लागली होती. शिंप्याने काम पाठवणं बंद केलं. एक शब्द न बोलता बंद केलं, तेच तिला लागलं.

मामाला कळेना, आता काय राहिलं. दुकानात मागच्या खोलीत बसून तो खोके फोडत होता, आणि त्या दिवशी रसाचे डबे आले. एक डबा उलटा केला, यंत्र उचललं, आणि हात थांबला. हा तर त्या पिशवीत नेलाच नव्हता. रस म्हणजे फळ, फळ काय दाखवायचं. त्याने चष्मा पुसला. शंभर मिलीमध्ये साखर साडेअकरा ग्रॅम. पुढे बघितलं, साखर मिसळलेली नाही. परत मागे बघितलं. साडेअकरा. मिसळलेली नाही, फळाचीच आहे, पण आहे ना! मामीचा पेला अडीचशेचा, स्टीलचा, माहेरून आणलेला. मामाने खोक्यावर पेनने हिशोब मांडला. एकोणतीस ग्रॅम. सहा-सात चमचे. रोज सकाळी, औषधाच्या गोळीबरोबर, तो स्वतः ओतून द्यायचा. म्हणायचा, ताकद येते.

मग मामाने डब्यावर स्टिकर लावलं, पण चौकोनावर नाही. वरच्या झाकणाजवळ लावलं. सगळे डबे तसेच केले. मग बिस्किटं काढली, त्यांना कडेला लावलं. वेफरना खाली, जिथे हसऱ्या बटाट्याचं चित्र होतं तिथे.

दुपारी गल्ल्यावरची पोरगी ओरडत आली. "लेबलमामा, काय केलंय हे? एकाचं इथे, एकाचं तिथे. मी पाकीट गरागरा फिरवतेय, रांग दारापर्यंत गेली."

"चौकोन झाकला जातो गं पोरी. लोकांना वाचायचं असतं."

"कोणाला? मी सहा वर्षं बसते. एकाने वाचलेलं नाही."

"वाचणार कसं? मी झाकून ठेवलंय ना!"

मालक आला. नेमका त्याच वेळी बिस्किट कंपनीचा माणूसही आलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. मामाने त्याच्याच समोर हिरवं पाकीट धरलं. "हे वाचून माझी बायको आंधळी व्हायला आलीय."

कंपनीचा माणूस शांत होता. असली माणसं शांतच असतात. "काका, आम्ही काय खोटं लिहिलंय? साखर नाही, तर नाही. नियमात बसतं."

"आणि दोन बिस्किटं? दोन बिस्किटं खाऊन उठणारा माणूस दाखव मला एक. तू खातोस दोन?"

"ते प्रमाण असतं काका. आम्ही कुठे म्हणतो दोनच खा?"

"मग वीस लिही ना! पाकिटात चोवीस आहेत, चोवीसचं लिही. आकडा मोठा दिसेल म्हणून दोनचं लिहितोस."

"शेजारी शंभर ग्रॅमचाही रकाना आहे."

"आहे ना. माझ्या स्टिकरच्या खाली आहे."

मालक मध्ये पडला. मामाला बाजूला नेलं, खांद्यावर हात ठेवला. "तुझं दुःख कळतं मला. पण दुकान दवाखाना नाही. स्टिकर पूर्वीच्या जागी. सगळा माल परत कर." मामा म्हणाला, "नाही करणार." मालक म्हणाला, "मग दुसरा करेल." आणि मामाने केलं. सांगायला लाज वाटते, पण केलं. घरात एक आजारी बाई, बाहेर दुसरं काम कोण देणार या वयात? सगळे डबे, सगळी पाकिटं सोलून परत चौकोनावर. फक्त एक केलं, दाबून नाही लावलं. कोपरा मोकळा सोडला, कोणाला सोलायचं तर सोलता यावं म्हणून. कोणी सोललं नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ हिरवं पाकीट उचलत होते, मामा धावत पुढे गेला, म्हणाला, "साहेब, मागे बघा आधी." ते म्हणाले, "तुम्ही डॉक्टर का?" आणि दोन पाकिटं घेऊन गेले. मामा घरी येऊन ते सांगताना म्हणाला, "मी नाही गं डॉक्टर. मी फक्त झाकणारा."

रस बंद झाला. तीन महिन्यांनी सात पूर्णांक आठ. डॉक्टर म्हणाले, "वा, बाई! मनावर घेतलंत शेवटी." मामीला एवढा संताप आला, म्हणाली, "मनावर पहिल्या दिवशीच घेतलं होतं डॉक्टर. पाकिटाने नव्हतं घेतलं." डॉक्टरांना काय कळणार. त्यांनी तारीख लिहिली.

उजव्या डोळ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा मामीला खिडकी दिसली, खिडकीतलं झाड दिसलं, मामाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसलं. म्हणाली, "हे असं हिंडत होतात होय?" मामा हसायला लागला. मग डॉक्टरांनी यंत्रातून आत बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, भिंग उत्तम बसलंय. पण मागचा पडदा साखरेने खराब झालाय. मोतीबिंदू एवढा दाट होता की आधी नीट दिसलं नाही. चालता-फिरता येईल, माणसं ओळखू येतील, मोठी अक्षरं वाचता येतील. सुईचं काम विसरा.

मामाने विचारलं, "नऊ महिन्यांपूर्वीच केलं असतं तर? साखर तेव्हाच उतरली असती तर?"

डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित थोडं वाचलं असतं. कदाचित तेव्हाच झालेलं असेल."

हे कदाचित मामाला पचलं नाही. हो म्हणाले असते तर एक वेळ बरं होतं. नाही म्हणाले असते तरी बरं होतं. मामी म्हणायची, "सोडा आता." तो म्हणायचा, "सोडलं." आणि जेवताना मध्येच म्हणायचा, "दोन बिस्किटं म्हणे!"

मामी काही विसरली नाही सुईचं काम. शिंप्याकडे स्वतः गेली, मामाचा दंड धरून, आणि म्हणाली, शर्ट नको, जाड कोटांची काजं दे, जाड दोरा, मी हाताच्या अंदाजाने करीन. टाके जमतात तिला, जरा मोठे पण सारखे. फक्त सुई ओवता येत नाही. ते मामा करायचा. सकाळी कामाला निघण्याआधी खिडकीशी उभा राहून डझनभर सुया ओवायचा, वैतागत, थुंकी लावून, "या भोकालाही कोणीतरी स्टिकर लावलंय" असं बडबडत, आणि एकेक उशीत खोचून ठेवायचा. मामी दिवसभर त्या वापरायची.

गेला त्या दिवशीही सकाळी त्याने बारा ओवल्या होत्या. दुकानातून फोन आला तोवर नऊ संपल्या होत्या. तीन उशीत तशाच आहेत. मामी त्या कोणाला काढू देत नाही, आणि त्या दिवशीचा अर्धवट कोटही शिंप्याकडे परत गेलेला नाही.